खोक्यावरचे ±३ आणि आपला दंड

बीपीच्या मशीनच्या खोक्यावर बहुतेक वेळा एक ओळ असते: अचूकता ±३ mmHg, म्हणजे अधिक-उणे ३ मिलिमीटर पारा. दुकानदार तिच्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "तीनच्या वर फरक पडायचा नाही." घेणारा समजतो की मशीनने १३८ दाखवले तर खरे वरचे बीपी १३५ ते १४१ च्या मध्ये कुठेतरी असणार. ओळ खोटी नसते. पण तिचा आपल्या रक्तदाबाशी थेट संबंध नसतो. ती दंडावरच्या पट्ट्यात भरलेल्या हवेच्या दाबाबद्दल बोलते. पट्ट्यात १५० चा दाब असेल तर मशीन तो १४७ ते १५३ च्या दरम्यान वाचेल, एवढेच तिचे म्हणणे असते. हवेचा दाब बरोबर वाचणे आणि माणसाचे बीपी बरोबर सांगणे यांत मोठे अंतर आहे, आणि खोक्यावरचे वर्णन अनेकदा त्याविषयी गप्प बसते.

हे अंतर कळायला मशीन आत काय करते ते पाहावे लागते. घरगुती डिजिटल मशीनला कान नसतात. डॉक्टर पट्टा सोडताना स्टेथोस्कोपने धमनीतले आवाज ऐकतात. ही पद्धत निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने १९०५ मध्ये मांडली. मशीन त्याऐवजी थरथर टिपते. पट्टा फुगून धमनी दाबली गेली की हवा हळूहळू सुटू लागते (काही मशीन फुगतानाच मोजतात), आणि प्रत्येक ठोक्यागणिक धमनीची भिंत हलून पट्ट्यातल्या हवेत बारीक कंप उठतो. कंप आधी लहान असतात, मग वाढत जातात, एका दाबाला सगळ्यांत मोठे होतात आणि पुन्हा लहान होतात. कंप ज्या दाबाला सगळ्यांत मोठे असतात तो साधारणपणे धमनीतला सरासरी दाब. मशीनच्या हाती थेट लागतो तो एवढाच. वरचे आणि खालचे बीपी हे कंपांच्या चढ-उताराच्या आकारावरून गणिताने काढले जाते आणि ते गणित प्रत्येक कंपनीचे स्वतःचे असते, सहसा गुप्त. म्हणून दोन मशीनचे दाबमापक अगदी तंतोतंत असले तरी एकाच माणसाच्या दंडावर ती वेगवेगळे आकडे दाखवू शकतात.

गणित बरोबर आहे का, हे तपासायचा एकच मार्ग आहे: खऱ्या माणसांवर मोजून पाहणे. त्यासाठी आयएसओ ८१०६०-२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात निदान ८५ माणसे घ्यावी लागतात. दोन प्रशिक्षित निरीक्षक एकमेकांचा आकडा न पाहता स्टेथोस्कोपने बीपी मोजतात आणि त्याच्याशी मशीनचा आकडा ताडून पाहतात. प्रत्येक माणसाच्या तीन जोड्या, म्हणजे एकूण २५५. पास होण्यासाठी या सगळ्या फरकांची सरासरी ५ मिमीपेक्षा जास्त नको आणि फरकांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, ८ मिमीपेक्षा जास्त नको.

समजा एका मशीनच्या अहवालात सरासरी फरक +२ आणि पसारा ७ आला. मशीन आरामात पास झाले. याचा अर्थ सुमारे दोन-तृतीयांश मोजमापे खऱ्यापेक्षा ५ कमी ते ९ जास्त या मर्यादेत पडली आणि उरलेली त्याच्याही बाहेर गेली. यातला काही पसारा मशीनचा नसतोच. बीपी स्वतःच दर मिनिटाला हलत असते. पण खोक्यावरच्या ±३ वरून जे चित्र मनात उभे राहते त्याहून हे चित्र बरेच वेगळे आहे, आणि खरे आहे. मशीन चांगले असूनही एखाद्या विशिष्ट माणसाच्या बाबतीत ते कायम थोडे वर किंवा थोडे खाली दाखवू शकते. म्हणून नवे मशीन घेतल्यावर ते एकदा दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मोजमापाशेजारी लावून पाहावे, हा सल्ला माझ्या मते कुठल्याही वॉरंटी कार्डापेक्षा मोलाचा आहे.

तेव्हा प्रामाणिक वर्णनात दोन वेगळी वाक्ये हवीत. एक: "पट्ट्यातील दाब मोजण्याची अचूकता ±३ मिमी पारा." दुसरे: "या मॉडेलची आयएसओ ८१०६०-२ नुसार माणसांवर चाचणी झालेली आहे." दुसरे वाक्य लिहिता येत नसेल तर पहिले वाक्य मोठ्या अक्षरांत छापून ती उणीव झाकू नये. "क्लिनिकली प्रूव्हन" हे शब्दही एकटे काही सांगत नाहीत. कोणत्या मानकानुसार आणि कोणते मॉडेल, हे त्यांच्याबरोबर हवे. चाचणी कंपनीची होत नाही, मॉडेलची होते. एकाच कंपनीचे एक मॉडेल पास झालेले असते आणि दिसायला तसेच, पाचशे रुपयांनी स्वस्त असलेले दुसरे मॉडेल कधी तपासलेलेच नसते. तपासलेल्या मॉडेलांची यादी stridebp.org या संकेतस्थळावर मोफत पाहता येते. तिथे खोक्यावरचा मॉडेल क्रमांक अक्षर-अंकांसह जुळवायचा.

भारतात बीपीचे मशीन आणि डिजिटल थर्मामीटर ही दोन्ही उपकरणे १ जानेवारी २०२१ पासून औषध कायद्याच्या कक्षेत आली आणि त्यांना वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू झाले. लेबलवर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक असावा लागतो. तो नसेल तर खोके परत ठेवावे. पण परवाना क्रमांक म्हणजे वरच्या माणसांवरच्या चाचणीचा दाखला असे समजून वर्णन लिहू नये. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे सांगाव्यात.

आता पट्टा. सगळ्यांत जास्त चूक इथे होते आणि सगळ्यांत कमी बोलणेही याच्याविषयीच होते. शिपिओने रिवा-रोच्ची या इटालियन डॉक्टरने १८९६ मध्ये तोरिनो शहरात दंडावर बांधायचा पहिला सोपा पट्टा बनवला, तो जेमतेम चार-पाच सेंटिमीटर रुंद होता. त्याचे आकडे फार जास्त येतात आणि पट्टा रुंद हवा, हे जर्मनीच्या हाइनरिख फॉन रेक्लिंगहाउझेनने १९०१ मध्ये दाखवून दिले. कारण सोपे आहे. धमनी दंडात खोल, हाडाजवळ असते. बागेतली पाण्याची नळी एका बोटाने दाबायला जास्त जोर लागतो, पूर्ण पंजाने दाबली तर कमी. तसेच अरुंद किंवा आखूड पट्ट्याचा दाब मांसातून खाली जाताना पसरून कमी होतो आणि धमनी बंद व्हायला पट्ट्यात जास्त हवा भरावी लागते. मशीन ती जास्तीची हवा रक्तदाब म्हणून मोजते. पट्टा फार मोठा असला तर उलट, आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा कमी येतो.

म्हणून नियम असा की पट्ट्यातली हवेची पिशवी लांबीने दंडाच्या घेराच्या ७५ ते १०० टक्के भागाला वेढणारी असावी आणि रुंदीने घेराच्या ३७ ते ५० टक्के. घरी आपण पिशवी मोजत बसत नाही. त्यासाठी पट्ट्यावर घेराची मर्यादा छापलेली असते: २२ ते ३२ सेमी, ३२ ते ४२ सेमी किंवा २२ ते ४२ सेमी. आपल्याला फक्त दंडाचा घेर माहीत हवा. खांद्याच्या टोकाचे हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून, शिंप्याची टेप त्वचेला टेकेल पण रुतणार नाही अशी गुंडाळायची. कपड्यावरून मोजू नये. दोन मिनिटांचे काम आहे. तरीही मशीन घेणाऱ्यांपैकी फार थोडे जण ते करतात, कारण खोक्यावर "युनिव्हर्सल कफ" असे लिहिलेले असते आणि त्यामुळे प्रश्नच मिटला असे वाटते.

चुकीच्या पट्ट्याने किती फरक पडतो, याचे चांगले उत्तर अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९५ प्रौढांवर केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मिळते. प्रत्येकाचे बीपी योग्य पट्ट्याने आणि चुकीच्या पट्ट्यानेही मोजले, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा बदलत ठेवला. ज्यांना मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा मध्यम पट्टा लावल्यावर वरचे बीपी सरासरी ४.८ मिमीने जास्त आले. ज्यांना त्याहूनही मोठा, एक्स्ट्रा लार्ज पट्टा हवा होता त्यांचे तर १९.५ मिमीने. उलट बारीक दंडाच्या लोकांना मध्यम पट्टा सैल पडला आणि आकडा सरासरी ३.६ मिमीने कमी आला. एकोणीस मिमी म्हणजे १२५ चे १४४ होणे. घरात सगळ्यांसाठी एकच मशीन आणि एकच पट्टा असतो, त्या आपल्या पद्धतीत हा आकडा गंभीरपणे घ्यायला हवा. सत्तरीतल्या किडकिडीत आजोबांचा दंड २१ सेमी आणि सुनेचा ३६ सेमी असू शकतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा एका काकूंच्या दंडाचा घेर ३७ सेमी आहे आणि खोक्यात आलेला पट्टा २२ ते ३२ सेमीचा आहे. तो कसाबसा गुंडाळला जातो, चिकटपट्टी जेमतेम दोन बोटे चिकटते आणि फुगताना करकर आवाज करत सुटायला लागते. पट्ट्यावर एक बाणाची रेघ आणि एक आडवी मर्यादापट्टी छापलेली असते. गुंडाळल्यावर बाण त्या पट्टीच्या आत पडायला हवा. काकूंचा बाण बाहेर आहे. पट्टा चुकीचा असल्याचे एवढी एक खूण सांगते. आकडा येतो १४६. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलसाठीचा ३२ ते ४२ सेमीचा पट्टा मागवून, पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजल्यावर समजा १३९ येतो. इथे दोन मोह टाळायचे. पहिला मोह, नवा पट्टा न घेता जुन्या आकड्यातून ४.८ वजा करण्याचा. ती सरासरी होती, काकूंचा फरक दोनही असेल आणि बाराही. दुसरा मोह, दुसऱ्या कंपनीचा त्याच मापाचा स्वस्त पट्टा जोडण्याचा. कंपनीचे गणित तिच्या स्वतःच्या पट्ट्याच्या कंपांवर बसवलेले असते. पिशवीचा आकार आणि कापड बदलले की कंप बदलतात आणि माणसांवरची चाचणी त्या जोडीला लागू राहत नाही.

२२ ते ४२ सेमीचे रुंद मर्यादेचे पट्टे वाईट असतात असे नाही. पण त्यांचा दावा मोठा असतो, म्हणून पुरावाही तेवढाच हवा. मानकानुसार चाचणीतल्या माणसांचे दंड त्या संपूर्ण मर्यादेत पसरलेले असावे लागतात, सगळे मधल्या मापाचे चालत नाहीत. तेव्हा वर्णनात नुसते "सर्वांसाठी" न लिहिता "दंडाचा घेर २२ ते ४२ सेमी असलेल्या प्रौढांसाठी" असे लिहावे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यावर मशीनची वेगळी चाचणी झालेली नसेल तर तेही सांगावे. त्यांच्या नावाने मौन पाळणे म्हणजे त्यांनाही चालते असे सुचवणेच आहे.

मोजण्याच्या रीतीबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण तिचा आकडा पक्का आहे. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेमी खाली असेल तर बीपी सुमारे ८ मिमीने जास्त दिसते, वर असेल तर तेवढेच कमी. मांडीवर हात ठेवून मोजणे ही फार सर्रास चूक आहे. मनगटाच्या मशीनमध्ये तर हात थोडा इकडे-तिकडे झाला की आकडा हलतो, म्हणून दंडाला पट्टा बसत असेल तर दंडाचेच मशीन घ्यावे.

थर्मामीटरचीही हीच कथा आहे, जरा छोटी. काखेत किंवा जिभेखाली ठेवायच्या डिजिटल थर्मामीटरवर ±०.१ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या फॅरनहाइटमध्ये सुमारे ±०.२ लिहिलेले असते. ही अचूकता ठरावीक तापमान राखलेल्या पाण्यात टोक बुडवून तपासतात. म्हणजे टोक जिथे आहे तिथले तापमान ते बरोबर सांगते. टोक काखेत नीट दाबलेले नसेल, किंवा नुकताच गरम चहा प्यायल्यावर जिभेखाली ठेवले असेल, तर ते त्या चुकीच्या जागेचे तापमान अगदी अचूक सांगेल. बीप वाजण्याचा अर्थही मर्यादित आहे. तापमान वाढण्याचा वेग ठरावीक मर्यादेखाली आला की बीप वाजते. काखेत तापमान सावकाश वाढते, म्हणून बीप वाजल्यावरही आकडा थोडा वर सरकू शकतो. "१० सेकंदांत अचूक ताप" असे छापण्यापेक्षा "जिभेखाली साधारण इतका वेळ, काखेत त्याहून जास्त" असे लिहिणे योग्य.

कपाळासमोर धरायच्या बंदुकीसारख्या थर्मामीटरमध्ये आणखी एक पायरी दडलेली असते. तो कपाळाच्या त्वचेतून येणारी उष्णता मोजतो आणि आतल्या गणिताने तोंडातल्या तापमानाशी मिळताजुळता आकडा पडद्यावर दाखवतो. त्वचा शरीराच्या आतल्यापेक्षा थंड असते, घाम, पंखा, ऊन यांनी आणखी बदलते. त्याच्यावरची ±०.२ किंवा ±०.३ अंश सेल्सिअस ही अचूकता प्रयोगशाळेत ज्ञात तापमानाच्या काळ्या पृष्ठभागासमोर तपासलेली असते, तापलेल्या मुलाच्या कपाळावर नव्हे. थर्मामीटरचे आंतरराष्ट्रीय मानकही प्रयोगशाळेतली अचूकता आणि माणसांवरची अचूकता वेगळी धरते. म्हणून वर्णनात दाखवलेला आकडा शरीराच्या कोणत्या जागेशी जुळवलेला आहे हे आलेच पाहिजे. उन्हातून आल्यावर लगेच मोजले तर आकडा भरवशाचा नसतो, हेही त्याच्याच शेजारी.

आता भाषा. आकडा कितीही अचूक असला तरी तो रोगाचे नाव नसतो. खोक्यावर आणि जाहिरातीत "घरबसल्या हाय बीपीचे निदान", "हार्ट अटॅकचा धोका आधीच ओळखा", "तापाचा प्रकार समजतो" असली वाक्ये दिसतात. पहिले वाक्य सगळ्यांत साधे वाटते आणि तेही चूक आहे. उच्च रक्तदाब हे निदान एका वेळच्या आकड्यावरून होत नाही. घरच्या मोजमापासाठी डॉक्टर साधारण आठवडाभर, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजायला सांगतात, पहिला दिवस सोडतात आणि बाकीच्यांची सरासरी पाहतात. शिवाय घरच्या सरासरीची रेषा १३५/८५ ला आणि दवाखान्यातल्या मोजमापाची १४०/९० ला धरण्याची पद्धत आहे. म्हणजे तोच आकडा जागेनुसार वेगळा वाचला जातो. एवढे सगळे मशीनला ठाऊक नसते. तेव्हा मशीनसाठी मोजते, दाखवते, साठवते ही क्रियापदे वापरावीत. ओळखते, निदान करते, इशारा देते ही टाळावीत.

रंगीत पट्टीचेही तसेच. पडद्याशेजारी हिरवा, पिवळा, लाल असतो आणि लाल लागला की घरात धावपळ होते, हिरवा लागला की गोळी बंद करण्याचा विचार येतो. वर्णन असे असावे: "आकडा ज्या गटात पडतो त्याप्रमाणे रंग बदलतो. हा रंग एका मोजमापाचा आहे, निदान नव्हे. रंग पाहून औषध सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नका." अनियमित ठोक्यांच्या चिन्हाबद्दल काही कंपन्या हृदयविकार ओळखत असल्याच्या थाटात लिहितात. खरे वाक्य असे: "मोजताना ठोक्यांमधले अंतर असमान आढळले तर हे चिन्ह दिसते. बोलण्यामुळे किंवा हालचालीमुळेही ते येऊ शकते. पुन्हा पुन्हा दिसल्यास डॉक्टरांना दाखवा."

सावध लिहिणे म्हणजे गुळमुळीत लिहिणे नव्हे, हे मात्र ठासून सांगायला हवे. "केवळ माहितीसाठी" असा शिक्का सगळीकडे मारला की कंपनी सुटते आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. जिथे स्पष्ट सांगायचे तिथे स्पष्टच सांगावे. वरचे बीपी १८० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचे १२० किंवा त्याहून जास्त आले आणि बरोबर छातीत दुखणे, धाप, एका बाजूला बळ नसणे किंवा बोलताना अडखळणे असेल तर पुन्हा मोजत न बसता लगेच रुग्णालयात जावे. आणि याची दुसरी बाजू त्याहून महत्त्वाची: आकडा नेहमीसारखा आला म्हणून अशा त्रासाकडे दुर्लक्ष करू नये. हार्ट अटॅकच्या वेळी बीपी नेहमीसारखे असू शकते. मलूल, दूध न पिणाऱ्या तान्ह्या बाळाचे तापमान ९८ असले तरी त्याला डॉक्टरांकडे न्यायचेच.

हे सगळे एका खोक्यावर मावते. वर घेतलेल्या काकूंच्या घरी येणाऱ्या मशीनवर मला असे वर्णन छापलेले हवे: "दंडावरून रक्तदाब आणि नाडीचा वेग मोजणारे डिजिटल उपकरण. प्रौढांसाठी. सोबतचा पट्टा दंडाचा घेर २२ ते ३२ सेमी असणाऱ्यांसाठी. ३२ ते ४२ सेमीचा पट्टा वेगळा मिळतो. घेर याबाहेर असल्यास हे उपकरण वापरू नका. पट्ट्यातील दाबाची अचूकता ±३ मिमी पारा. हे मॉडेल याच दोन पट्ट्यांसह आयएसओ ८१०६०-२ नुसार माणसांवर तपासलेले आहे. मोजमापे साठवून डॉक्टरांना दाखवता येतात. हे उपकरण निदान करत नाही." विक्रीला अडथळा येईल असे यात काही नाही.

तोवर आपल्या हाती एवढे आहे. मशीन आणायला जाण्यापूर्वी घरातल्या ज्यांचे बीपी मोजायचे आहे त्या प्रत्येकाच्या दंडाचा घेर टेपने मोजून चिठ्ठीवर लिहून न्या, आणि दुकानात किंमत विचारण्याआधी पट्ट्याचे माप आणि मॉडेल क्रमांक विचारा.